रकान्यातला आकडा नेमका कोणाचा?

शेतीच्या, भूजलाच्या आणि वनस्पतींच्या सर्वेक्षणांत एक समज आता जवळपास सर्वमान्य झाला आहे. क्षेत्रकाम करणाऱ्यांनी जीपीएस यंत्र हातात घेऊन शेकडो ठिकाणांच्या नोंदी आणायच्या आणि त्या नोंदींना समुद्रसपाटीपासूनची उंची, वार्षिक पाऊस, तापमान असे रकाने संगणकावर जोडून घ्यायचे, ही कामाची रीत आहे. यातला पहिला भाग कष्टाचा व कौशल्याचा असून दुसरा केवळ कारकुनी आहे, असे मानले जाते. म्हणूनच अहवालात पहिल्या भागाला चार पाने मिळतात, तर दुसऱ्याची बोळवण ‘पर्जन्यमानाची मूल्ये उपलब्ध रास्टरवरून काढली’ एवढ्या एका वाक्यात होते. हा समज चुकीचा आहे. त्याच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद एकेक करून तपासले, तर तो किती नुकसान करतो हेही दिसते.

रास्टर म्हणजे सारख्या आकाराच्या चौकटींची जाळी. तिच्या प्रत्येक चौकटीला एकच आकडा दिलेला असतो. एखाद्या बिंदूचे मूल्य काढायचे, म्हणजे त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून तो कोणत्या चौकटीत पडतो हे शोधायचे आणि त्या चौकटीचा आकडा तक्त्यातल्या ओळीत उतरवायचा. संगणक एवढेच करतो आणि ते बिनचूक करतो. वाद त्या आकड्याच्या अर्थाचा आहे. तक्त्यात तो विहिरीच्या नावासमोर बसतो, त्यामुळे वाचणारा त्याला विहिरीचा पाऊस समजतो. वस्तुतः तो चौकटीचा पाऊस असतो, आणि चौकट कधीकधी एका तालुक्याएवढी असते.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन गावांवर हे नीट पाहता येते, कारण पावसाचा इतका तीव्र उतार देशात थोड्याच ठिकाणी आढळतो. महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर असून तिथला सरासरी वार्षिक पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे जातो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे १५ किलोमीटरांवर पाचगणी आहे. उंचीत दोन्ही गावांमध्ये शंभर मीटरांचाही फरक नाही, पण पाचगणीला त्याच्या जवळपास एक तृतीयांश पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आले की तो हजार मिलिमीटरांच्या आत येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे कड्यावर चढताना आपले बहुतेक पाणी तिथेच टाकतात आणि पूर्वेकडे कोरडे होत जातात. पर्जन्यछायेचा हा नियम शाळेच्या भूगोलातच शिकवला जातो. असा प्रदेश ज्या तक्त्यात दिसत नाही, त्या तक्त्याला त्या प्रदेशाचा तक्ता म्हणता येत नाही.

आता भारतीय हवामानशास्त्र विभागाची दैनंदिन पावसाची जाळी घ्यावी. देशभरातल्या हजारो पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून ती तयार होते आणि संशोधनात सर्वाधिक वापरली जाते. तिची चौकट पाव अंशाची आहे, म्हणजे साताऱ्याच्या अक्षांशावर साधारण साडेसव्वीस किलोमीटर रुंद आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच. एका चौकटीत सातशे चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन येते. जाळीचे बिंदू ६६.५ रेखांश आणि ६.५ अक्षांशापासून सुरू होऊन पाव-पाव अंशाने पुढे सरकतात आणि प्रत्येक बिंदू आपल्या चौकटीच्या मध्याशी असतो. त्या हिशेबाने १८ अक्षांश व ७३.७५ रेखांश हा मध्य असलेली चौकट ७३.६२५ पासून ७३.८७५ रेखांशापर्यंत आणि १७.८७५ पासून १८.१२५ अक्षांशापर्यंत पसरते. महाबळेश्वर १७.९२ अक्षांशावर आणि ७३.६६ रेखांशावर आहे, पाचगणी त्याच अक्षांशावर ७३.८० रेखांशाला. दोन्ही गावे एकाच चौकटीत पडतात. म्हणून संगणकाने काहीही चूक न करता काढलेल्या तक्त्यात महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यासमोर दशांशापर्यंत तंतोतंत एकच पाऊस लिहिलेला येतो.

यावर पहिले उत्तर असे दिले जाते की जीपीएसची अचूकता तीन ते पाच मीटरांची असते, तेव्हा बिंदूची जागा पक्की आहे आणि जागा पक्की असेल तर मूल्यही पक्के असले पाहिजे. या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. जागेच्या अचूकतेमुळे बिंदू योग्य चौकटीत पडण्याची खात्री वाढते, चौकटीच्या आतले तपशील त्यामुळे निर्माण होत नाहीत. सत्तावीस किलोमीटरांच्या चौकटीत बिंदू तीन मीटरांनी हलला काय किंवा तीन किलोमीटरांनी हलला काय, तो कडेला नसेल तर आकडा तोच राहतो. अक्षांश सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिल्याने पावसाच्या आकड्याची खात्री कणभरही वाढत नाही. तरीही अहवालांत जीपीएसचे मॉडेल आणि त्याची अचूकता आवर्जून छापली जाते, आणि पावसाच्या चौकटीचा आकार वाचकाला शोधावा लागतो.

इथे एका जुन्या चुकीची नोंद आवश्यक आहे, कारण जीपीएसवरचा विश्वासच तिला झाकून ठेवतो. अनेक यंत्रे अंश, मिनिटे आणि सेकंद अशी नोंद दाखवतात. महाबळेश्वरची नोंद सेकंद सोडून १७ अंश ५५ मिनिटे आणि ७३ अंश ३९ मिनिटे अशी होते. तक्ता भरणाऱ्याने ती 17.55 आणि 73.39 अशी उतरवली, तर बिंदू जवळपास पन्नास किलोमीटर नैर्ऋत्येला सरकून चिपळूणच्या पश्चिमेला कोकणात जाऊन पडतो. मिनिटांना साठाने भागायचे असते, हे विसरल्याने एवढे होते. असा बिंदू समुद्रात पडत नाही, त्यामुळे संगणक तक्रार करत नाही आणि रकान्यात कोकणातली उंची व कोकणातला पाऊस शांतपणे येऊन बसतो. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर ते निदान लगेच उघड होते, कारण बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि रकाना रिकामा राहतो. पहिली चूक ओळखण्याची एक साधी खूण आहे: शेकडो नोंदींपैकी एकाही नोंदीच्या दशांशातले पहिले दोन अंक साठ किंवा त्याहून मोठे नसतील, तर ती मिनिटे आहेत असा दाट संशय घ्यावा. मात्र सर्वेक्षणाचा प्रदेश पुरेसा मोठा असला पाहिजे, म्हणजे ०.६० च्या पुढची मूल्ये तिथे मुळात शक्य असली पाहिजेत.

दुसरा युक्तिवाद अधिक जाणत्यांचा आहे. एका चौकटीतल्या सर्व बिंदूंना एकच आकडा मिळणे खटकत असेल, तर शेजारच्या चार चौकटींच्या मध्यांपासूनचे अंतर विचारात घेऊन भारित सरासरी काढावी, असे ते सुचवतात. या रीतीला द्विरेषीय अंतर्वेशन म्हणतात आणि बहुतेक प्रणालींत ती ‘बाइलिनिअर’ या नावाने तयार असते. महाबळेश्वरवर ती लावली, तर ७३.५० आणि ७३.७५ या दोन स्तंभांमध्ये बिंदू ०.६४ अंतरावर आहे, म्हणजे पूर्वेकडच्या स्तंभाला ६४ टक्के आणि कोकणाकडच्या स्तंभाला ३६ टक्के वजन मिळते. पाचगणी ७३.७५ आणि ७४.०० यांच्या मध्ये येते, तिथे ७३.७५ च्या स्तंभाला ८० टक्के आणि देशावरच्या स्तंभाला २० टक्के. दोन गावांचे आकडे आता वेगळे येतात आणि तक्ता जिवंत वाटू लागतो.

हे समाधान फसवे आहे. भारित सरासरी चारही आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठी कधीच येऊ शकत नाही. कड्यावरचा साडेपाच हजारांचा शिखरआकडा जर सातशे चौरस किलोमीटरांच्या सरासरीत आधीच विरून गेला असेल, तर अंतर्वेशनाने तो परत मिळत नाही. शिवाय ही रीत दोन मध्यांच्या दरम्यान मूल्य सरळ रेषेत बदलते असे गृहीत धरते. सह्याद्रीत पाऊस कोकणातून कड्याकडे येताना वाढतो, माथ्यावर उच्चांक गाठतो आणि पलीकडे काही किलोमीटरांतच कोसळतो. त्या कोसळण्याच्या जागी सरळ रेषा आखणे, म्हणजे नेमकी जी गोष्ट मोजायची होती तीच पुसून टाकणे. अंतर्वेशनाने तीनशे बिंदूंना तीनशे वेगळे आकडे मिळतील, पण त्यांच्यामागची माहिती चौकटींच्या संख्येएवढीच राहील. आधी एकसारखे आकडे पाहून वाचकाला निदान शंका तरी येत होती, आता ती येण्याचे कारणही उरत नाही.

जमिनीच्या उंचीसाठी मात्र हीच रीत योग्य ठरते, हे मान्य केले पाहिजे. उंचीच्या जागतिक जाळ्या तीस मीटरांच्या आसपासच्या चौकटींच्या आहेत, जमीन बहुतेक ठिकाणी सलग चढते-उतरते आणि जीपीएसची चूक चौकटीपेक्षा लहान असते. अशा वेळी अंतर्वेशनाने पायऱ्यांसारखे उडणारे आकडे गुळगुळीत होतात आणि त्यात खोटे काही शिरत नाही. जमीन-वापराच्या नकाशावर मात्र ते कधीही चालत नाही. तिथे ३ म्हणजे जंगल आणि ५ म्हणजे शेती असे निव्वळ संकेतांक असतात आणि त्यांची सरासरी ४ हा तिसराच वर्ग ठरतो. रीत चांगली की वाईट हे अमूर्तात ठरत नसते. चौकटीत काय साठवले आहे आणि ते किती अंतरात बदलते, यावर ते अवलंबून असते.

तक्ता बरोबर दिसणे आणि बरोबर असणे यांत किती अंतर आहे, हे हवामान विभागाच्या त्याच जाळीवरून दाखवता येते. ही जाळी १३५ स्तंभ आणि १२९ ओळींची आहे. तिच्यासोबत दिलेले ६६.५ ते १०० रेखांश हे चौकटींच्या मध्यांचे आकडे आहेत. चौकटींच्या कडा त्यांच्या बाहेर अर्ध्या चौकटीवर, म्हणजे ६६.३७५ आणि १००.१२५ वर येतात. रास्टर तयार करताना एखाद्याने ६६.५ आणि १०० हेच आकडे कडा म्हणून दिले, तर ३३.५ अंशांत १३५ स्तंभ कोंबले जातात आणि प्रत्येक चौकट ०.२५ ऐवजी ०.२४८१ अंशांची होते. नकाशावर भारताचा आकार नेहमीसारखाच दिसतो. पण महाबळेश्वरचा ७३.६६ हा रेखांश आता ज्या स्तंभात पडतो, त्याचा खरा मध्य ७३.५० आहे, म्हणजे पोलादपूर ज्या चौकटीत येते ती कोकणाकडची चौकट. पाचगणीला मात्र ७३.७५ चाच स्तंभ मिळतो.

या चुकीच्या तक्त्यात महाबळेश्वर आणि पाचगणी यांचे आकडे वेगळे येतात. तो हातात घेणाऱ्या भूगोलाच्या जाणकाराला समाधान वाटेल, कारण दोन गावांत फरक असायलाच हवा आणि तो दिसतो आहे. बरोबर काढलेला तक्ता दोघांना एकच आकडा देतो म्हणून त्याच जाणकाराला तो चुकीचा वाटेल. आकडे ‘पटण्यासारखे’ आहेत का एवढीच कसोटी लावणाऱ्यांसाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. ही चूक आकडे पाहून सापडत नाही, ती चौकटीची रुंदी पाहून सापडते. ती नेमकी ०.२५ नसेल तर कडा आणि मध्य यांची गफलत झाली आहे असे समजावे. तपासणी मोजक्याच ओळींत होते. आर या संगणकभाषेतील `terra` या संचात ती अशी करता येते:

```r
library(terra)
d <- read.csv("nondi.csv")
p <- vect(d, geom = c("lon", "lat"), crs = "EPSG:4326")
r <- rast("paus.tif")
res(r); ext(r)
v <- extract(r, project(p, crs(r)), cells = TRUE, xy = TRUE)
length(unique(v$cell))
```

यातली `res(r); ext(r)` ही ओळ चौकटीची रुंदी आणि जाळीच्या कडा दाखवते. `project` बिंदूंना रास्टरच्या निर्देशांक-पद्धतीत नेतो, कारण बिंदू अंशांत आणि रास्टर मीटरांत असेल तर दोघांची गाठ पडतच नाही. त्यानंतर `cells` आणि `xy` यांच्यामुळे प्रत्येक बिंदूसमोर त्याच्या चौकटीचा क्रमांक आणि मध्यही लिहिला जातो. शेवटची ओळ सांगते की एवढ्या सगळ्या बिंदूंना मिळून वेगळ्या चौकटी किती मिळाल्या. हा शेवटचा आकडा क्वचितच कुठे छापला जातो, आणि पुढच्या युक्तिवादाचा सारा निकाल त्याच्यावरच लागतो.

तो युक्तिवाद संख्येचा आहे. बिंदू शेकडो असले की एकेका बिंदूची चूक सरासरीत नाहीशी होते, असे सांगितले जाते. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच हे खरे असते. समजा, वाई, महाबळेश्वर आणि जावळी या तालुक्यांत मिळून तीनशे विहिरी मोजल्या आणि त्या सर्व मिळून सहाच चौकटींत पडल्या. मग एका चौकटीतल्या पन्नास विहिरींना एकच आकडा मिळतो आणि त्या आकड्यात चूक असेल तर पन्नासही ओळींत ती एकाच दिशेने असते. पन्नास जणांनी एकच चुकीचे घड्याळ पाहून सांगितलेल्या वेळेची सरासरी काढली, तरी वेळ सुधारत नाही. भूजल-पातळी आणि पाऊस यांचा संबंध शोधताना संगणक मात्र तीनशे स्वतंत्र नोंदी आहेत असे धरून मानक त्रुटी काढतो. मानक त्रुटी म्हणजे निष्कर्षात किती डळमळीतपणा आहे याचे माप. पावसाच्या बाजूने नोंदी खरोखर सहाच असतील, तर हे माप तीनशे भागिले सहा यांच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सात पटींपर्यंत कमी दाखवले जाऊ शकते. ज्या संबंधाबद्दल काहीच सांगता येऊ नये, तो त्या तक्त्यात ठामपणे सिद्ध झालेला दिसतो आणि त्यावरून पाणलोटाचा निधी कुठे द्यायचा हे ठरू शकते. नुकसान विहिरीच्या मालकाचे होते, आणि त्याला या रकान्याची गंधवार्ताही नसते.

पावसाला जागेबरोबर काळही असतो, ही बाब तर आणखी सहज निसटते. हवामान विभागाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेतली जाते आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. २६ जुलै २००५ रोजी दुपारपासून मुंबईवर जो पाऊस कोसळला, तो सांताक्रूझच्या वेधशाळेत २७ जुलैच्या सकाळी संपणाऱ्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर असा नोंदला गेला. कोणी २६ तारखेच्या थरातून बिंदूंची मूल्ये काढली, तर त्याच्या हाती आदल्या दिवसाचा पाऊस येईल. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि सांताक्रूझ व कुलाबा या दोन्ही वेधशाळा पाव अंशाच्या एकाच चौकटीत येतात, सांताक्रूझ अगदी उत्तर कडेला आणि कुलाबा दक्षिण कडेजवळ. तेरा पटींचा फरक असलेल्या दोन नोंदी एका आकड्यात सामावल्या, तर तो आकडा पुराच्या अभ्यासात कुठल्याही एका मोहल्ल्याचा पाऊस म्हणून वापरण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

उंचीच्या रकान्याची तक्रार वेगळी आहे, कारण तिथे चौकट लहान असते आणि चूक शून्यरेषेत दडलेली असते. उंची कशापासून मोजली हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. एक शून्यरेषा इलिप्सॉइडची, म्हणजे पृथ्वीसाठी गणिताने आखलेल्या गुळगुळीत गोलाभाची. दुसरी जिऑइडची, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीशी मिळत्याजुळत्या, गुरुत्वाकर्षणाने ठरलेल्या पृष्ठभागाची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेली एसआरटीएम ही जाळी जिऑइडपासूनची उंची देते. भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून बनवलेली कार्टोडेम ही जाळी इलिप्सॉइडपासूनची उंची देते. भारतीय द्वीपकल्पाच्या भागात जिऑइड इलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, पश्चिम महाराष्ट्रात साठ मीटरांहून अधिक. त्यामुळे कार्टोडेमवर कोकणच्या किनाऱ्याची उंची साठ मीटरांच्या आसपास उणे येते. किनाऱ्यावर ही गोष्ट नजरेत भरते. वाईच्या खोऱ्यात ती भरत नाही, कारण तिथे उंचीत साठ-पासष्ट मीटर कमी आले तरी आकडा खोऱ्याचाच वाटतो.

या ठिकाणी विरोधी पक्ष एक तपासणी सुचवतो: जीपीएसने स्वतः दाखवलेली उंची आणि रास्टरवरची उंची यांची तुलना करावी, जुळले की झाले. तपासणी चांगली आहे, पण जुळणे आणि न जुळणे दोन्ही वाचता आले पाहिजे. हातातली बरीच यंत्रे जिऑइडची दुरुस्ती करून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात. अँड्रॉइड फोनच्या यंत्रणेतून मिळणारी मूळ उंची मात्र इलिप्सॉइडपासूनची असते, काही अ‍ॅप ती बदलून देतात आणि काही तशीच देतात. फोनवरची अशी मूळ उंची कार्टोडेमशी छान जुळेल आणि तरीही दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनचे नसतील. म्हणून फरकाचा एक वेगळा रकाना करून त्याचे वागणे पाहावे. सर्व ओळींत फरक जवळपास सारखाच, साठ-सत्तर मीटरांचा असेल, तर शून्यरेषा वेगळ्या आहेत आणि एका दुरुस्तीने सगळा तक्ता सुधारतो. फरक काही ओळींत पाच मीटर आणि काहींत ऐंशी मीटर असा विखुरलेला असेल, तर जागा चुकल्या आहेत आणि त्या ओळी एकेक करून पाहाव्या लागतात. सह्याद्रीच्या कड्यावर हे दुसरे फार घडते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर बिंदू जितके मीटर सरकतो तितकेच मीटर उंची बदलते, आणि कडा तुटलेला असेल तर एका चौकटीच्या अंतरात शंभर मीटरही जातात. बिंदूभोवतीच्या नऊ चौकटींतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान उंची यांतला फरक सोबत लिहिला, तर पठारावरच्या विहिरीचा आकडा किती भरवशाचा आणि कड्यावरच्या झाडाचा किती, हे तक्ताच सांगतो.

रिकाम्या चौकटींचा प्रश्न थोडक्यात मांडता येतो, पण तो टाळता येत नाही. समुद्रावर मूल्य नसते, म्हणून हवामान विभागाच्या जाळीत तिथे -999 लिहिलेले असते. हा संकेत आहे, पाऊस नाही, हे फाइलमध्ये नोंदलेले असेल तर संगणक तो वगळतो. फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात नेताना ती नोंद हरवते आणि संकेताचा आकडा होतो. थेट समुद्रातल्या चौकटीत पडलेला बिंदू -999 दाखवील आणि कोणाच्याही लक्षात येईल. पण वार्षिक पावसाच्या रास्टरवर अंतर्वेशन केले आणि किनाऱ्यावरच्या बिंदूला समुद्राच्या चौकटीचे दहा टक्के वजन मिळाले, तर तीन हजारांच्या पावसाचे नव्वद टक्के, म्हणजे २७००, त्यातून शंभर वजा होऊन तक्त्यात २६०० येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या गावासमोर २६०० हा आकडा पाहून कोणाची भुवई उंचावणार? बिंदूंची मूल्ये काढण्यापूर्वी `NAflag(r) <- -999` ही एक ओळ लिहिली असती, तर चारशे मिलिमीटर हरवले नसते.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा व्यवहाराचा आहे आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे होईल. गावोगावी पर्जन्यमापक नाहीत, जिथे आहेत तिथल्या नोंदी खंडित असतात, तालुक्याच्या ठिकाणचा एक आकडा सगळ्या गावांना लावण्यापेक्षा रास्टर बरे, मग त्याचे दोष काढून क्षेत्रकाम करणाऱ्याच्या हाती द्यायचे ते काय, असे ते विचारतात. हातातली साधने टाकून द्यावीत असे कोणी म्हणत नाही. प्रश्नाचा आकार चौकटीच्या आकाराला शोभणारा असला, तर पाव अंशाची जाळी उत्तम काम करते. मराठवाडा आणि कोकण यांची तुलना, दुष्काळी वर्ष आणि सुकाळाचे वर्ष यांतला फरक, जिल्ह्याजिल्ह्यांतली पेरणीची वेळ, यांसाठी ती पुरेशी आहे. एकाच खोऱ्यातल्या दोन विहिरींची तुलना तिच्याकडून मागितली की ती अपयशी ठरते. अशा कामाला पाच-साडेपाच किलोमीटरांच्या चौकटीची चिर्प्स ही जाळी अधिक जवळ जाते. तिच्यात उपग्रहाने पाहिलेले थंड ढग आणि जमिनीवरचे पर्जन्यमापक यांचा मेळ घातलेला आहे. तिच्यात महाबळेश्वर आणि पाचगणी निदान वेगळ्या चौकटींत पडतात. पण लहान चौकट म्हणजे खरी चौकट असे नसते. कड्यावरचे फार उंच न चढणारे ढग वरून तितके थंड दिसत नाहीत, आणि थंड ढगांवर विसंबणाऱ्या पद्धतीला त्यांचा पाऊस कमी दिसण्याचा धोका असतो. म्हणून जाळी कोणतीही घेतली, तरी त्या परिसरातल्या दोन-तीन पर्जन्यमापकांच्या नोंदी त्यांच्याच बिंदूंवर काढलेल्या मूल्यांशेजारी ठेवाव्या लागतात. महाबळेश्वरच्या वेधशाळेची नोंद साडेपाच हजार आणि रास्टरचा आकडा तीन हजार असेल, तर त्या चौकटीतल्या सर्व विहिरींबद्दल काय बोलता येईल आणि काय येणार नाही, हे त्याच क्षणी ठरते.

क्षेत्रकाम करणाऱ्याच्या हाती द्यायचे ते एवढेच, आणि ते अवघड नाही. प्रत्येक मूल्याच्या रकान्यासोबत चौकटीचा क्रमांक आणि तिचा मध्य असावा, बिंदूपासून त्या मध्याचे अंतर असावे, उंचीसोबत तिची शून्यरेषा आणि नऊ चौकटींतला फरक असावा, पावसासोबत जाळीचे नाव, काळ आणि दिवस कोणत्या तासाला बदलतो हे असावे, आणि तक्त्याच्या माथ्यावर ‘बिंदू तीनशे, चौकटी सहा’ असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. असा तक्ता पाहिला तर पाचगणीच्या विहिरीसमोरचा पाऊस सुमारे दहा किलोमीटरांवर मध्य असलेल्या, पण महाबळेश्वरलाही पोटात घेणाऱ्या चौकटीचा आहे हे वाचकाला कळते. तो आकडा घ्यायचा की पाचगणीच्या पर्जन्यमापकाची वही शोधायला माणूस पाठवायचा, हे मग तो ठरवू शकतो.